एका बिलावर तीन बेरजा

बिलावरचा आकडा वाचताच येत नसेल, तर बिल परत पाठवायचं. त्यात फार डोकं चालवावं लागत नाही. डोकं लागतं ते खाडाखोडीत जुना आकडाही दिसतोय आणि नवाही दिसतोय तेव्हा. दोन्ही वाचता येतात, म्हणून पुरवठादाराच्या बिलाची खात्यात नोंद करणाऱ्याला वाटतं की आपण यातला एक निवडायचा आहे. आणि मग जो तो आपापल्या सवयीप्रमाणे निवडतो.

खाली ज्या बिलाबद्दल लिहितोय ते मोठं नव्हतं आणि त्यात कुणाची लबाडीही निघाली नाही. पण एका कागदावर तीन वेगवेगळ्या एकूण रकमा निघत होत्या आणि प्रत्येकीच्या बाजूने बोलणारा कुणीतरी होता. खाडाखोड कशी हाताळायची हे नव्या माणसाला समजावताना मी हेच प्रकरण काढतो.

कागद

बिल छापील नमुन्यावर निळ्या बॉलपेनने हाताने भरलेलं. तीन ओळी होत्या: प्लास्टिकचे डबे, काचेच्या बरण्या आणि वाहतूक. खाली बेरीज, त्यावर दहा टक्के कर, मग एकूण आणि त्याखाली रक्कम अक्षरी. या निळ्या मजकुरावर काळ्या जेल पेनने दुरुस्त्या केल्या होत्या. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले तर चित्र असं दिसतं:

| बिलावरची जागा | मूळ (निळं) | दुरुस्ती (काळी) |
|---|---|---|
| डबे, २४० नग, दर ३५ | ८,४०० | नाही |
| बरण्या, नग | १५० | १३०, मूळ अंकावर गिरवून |
| बरण्या, दर ६२, रक्कम | ९,३०० | ८,०६०, मूळ खोडून वर लिहिलेली |
| वाहतूक | १,२०० | नाही |
| बेरीज | १८,९०० | १७,६६०, मूळ खोडून, शेजारी छोटी सही |
| कर १०% | १,८९० | नाही |
| एकूण | २०,७९० | १९,५५०, मूळ अंकांवर गिरवून |
| अक्षरी | वीस हजार सातशे नव्वद | नाही |

छोटी सही फक्त एकाच ठिकाणी, बेरजेपाशी. तारीख नाही, कारण नाही, शिक्का नाही.

एक गोष्ट लगेच नजरेत भरते. इथे दुरुस्तीच्या दोन पद्धती एकत्र आल्या आहेत. रकमेच्या ओळीत आणि बेरजेत मूळ आकड्यावर एक आडवी रेघ मारून नवा आकडा वर लिहिलाय, तिथे दोन्ही आकडे स्वच्छ वाचता येतात. नगाच्या रकान्यात आणि एकूण रकमेत मात्र अंकावर अंक गिरवलाय. बिलावरचे अंक इंग्रजी वळणाचे होते. त्या वळणाच्या पाचावर तीन गिरवला की दोन्हींची वळणं मिसळून आठासारखं काहीतरी तयार होतं. एकूण रकमेत तर चार अंक बदललेले. त्यातल्या नऊवर गिरवलेल्या पाचाखालून नऊचं वाटोळं डोकं ठसठशीत दिसत होतं. आमच्याकडे दोघांनी तो आकडा १९,५५० वाचला, तिसरीने १९,५९०. ती चुकली असं म्हणवत नाही, कारण डोळ्याला दिसत होतं तेच तिने सांगितलं.

कुठला आकडा चढवायचा?

नोंदणीच्या पडद्यावर ‘बिलाची रक्कम’ असा एकच रकाना असतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. कागदावर दोन आकडे, रकाना एक. अशा वेळी कुणी शेवटी लिहिलेला आकडा घेतो, कारण दुरुस्ती म्हणजे बरोबर केलेलं. कुणी छापलेला किंवा आधी लिहिलेला आकडा घेतो, कारण बिल मुळात तसं निघालं. कुणी दोन्हींतला कमी आकडा घेतो, म्हणजे जास्त पैसे तरी जाणार नाहीत.

तिसरी सवय सगळ्यात सुरक्षित वाटते, आणि मला तीच सगळ्यात खटकते. कमी रक्कम चढवली की पुरवठादाराच्या खात्यात तेवढी बाकी उभी राहते, ती पुढच्या खातेउताऱ्यात येते, आणि तोवर आपल्याकडे हा आकडा का निवडला हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. कमी आकडा हा सावधपणा नाही, तो पुढे ढकललेला वाद आहे.

म्हणून आमच्याकडे पहिली पायरी निवडण्याची नसतेच. पहिली पायरी नुसती उतरवून घेण्याची. वरचा तक्ता तोच आहे: मूळ काय, दुरुस्ती काय, दुरुस्ती कशी केली, सही आहे का. जो अंक दोन प्रकारे वाचता येतो त्यापुढे दोन्ही वाचनं लिहायची. नोंद करणाऱ्याने मनातल्या मनात निकाल लावून एकच आकडा चढवला, की दुसरा आकडा त्या क्षणापासून फक्त कागदावर राहतो, आणि कागद फाइलीत जातो.

बेरीज दोनदा करून पाहणं

आता हिशेब. मूळ आकड्यांची साखळी वेगळी आणि दुरुस्त आकड्यांची वेगळी तपासायची. दोन्हींची सरमिसळ करायची नाही.

मूळ साखळी: २४० × ३५ = ८,४००. १५० × ६२ = ९,३००. वाहतुकीचे १,२०० धरून १८,९००. दहा टक्के १,८९०. एकूण २०,७९०. अक्षरीही तेच. कुठेही फट नाही. म्हणजे ज्याने बिल लिहिलं त्याच्याकडून गुणाकार किंवा बेरीज चुकली आणि मग त्याने ती सुधारली, असा प्रकार इथे नाही. चुकलेलं काही नव्हतंच.

दुरुस्त साखळी: १३० × ६२ = ८,०६०. इथेच नगाच्या रकान्याचा प्रश्नही मिटतो. तो अंक १८० असता तर रक्कम ११,१६० झाली असती. वर लिहिलेली रक्कम ८,०६० आहे, तिला ६२ ने भागलं की बरोबर १३० येतात. डोळ्यांनी न सुटणारा अंक बरेचदा शेजारच्या रकान्यातून असा सुटतो. पुढे ८,४०० + ८,०६० + १,२०० = १७,६६०, तेही जुळतं. मग कर. १७,६६० वर दहा टक्के म्हणजे १,७६६ हवेत, पण बिलावर जुनेच १,८९० आहेत. आणि १७,६६० मध्ये हे जुने १,८९० मिळवले की येतात १९,५५०. तेव्हा एकूण रकमेतला तो गिरवलेला आकडा १९,५५० च आहे, १९,५९० नाही. पण तो आकडा बरोबर वाचला म्हणून तो बरोबर आहे असं होत नाही.

तर झाल्या तीन बेरजा. मूळ २०,७९०. दुरुस्त करणाऱ्याने लिहिलेली १९,५५०. आणि दुरुस्ती खरी मानून कर नीट लावला तर १९,४२६, जी बिलावर कुठेच लिहिलेली नाही.

साखळी कुठे तुटते हे नीट पाहावं, कारण दुरुस्ती करणारा माणूस तिथे थोडा दिसतो. फरक १,२४०, म्हणजे ६२ × २०. कुणीतरी वीस बरण्या वजा केल्या, त्यांची किंमत बेरजेतून आणि एकूण रकमेतून काढली, आणि कराच्या ओळीकडे पाहिलंच नाही. रोज बिलं बनवणाऱ्याच्या हातून कर असा सुटणं कठीण, कारण त्याचा हात कराच्या ओळीवरून गेल्याशिवाय एकूण रकमेवर जात नाही. माल मोजणाऱ्याच्या हातून मात्र हे सहज होतं. हा अंदाजच आहे, पुरावा नाही. पण चौकशी कुठून सुरू करायची हे त्याने कळतं.

फरकाला दराने भागून पाहण्याची ही युक्ती साधी आहे आणि बऱ्याचदा चालते. भागाकार पूर्ण आला तर नग बदललेत. फरकाला नगांनी पूर्ण भाग गेला तर दर बदललाय. यातलं काहीच बसत नसेल आणि फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल झाल्याची शक्यता असते, म्हणजे ५४ च्या जागी ४५ अशी. इथे १,२४० ला नऊने भाग जात नाही, तो रस्ता बंद.

अक्षरी रकमेचं वजन

आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की अक्षरी रक्कम बदललेली नाही, आणि अक्षरी रक्कमच धरायची असते, तेव्हा २०,७९० द्या आणि विषय मिटवा. हा नियम चेकचा आहे. भारताच्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १८ मध्ये तो आहे, ब्रिटनच्या १८८२ च्या बिल्स ऑफ एक्स्चेंज ॲक्टमध्येही आहे: अंक आणि अक्षरं जुळत नसतील तर अक्षरांत लिहिलेली रक्कम धरायची. पण बिल म्हणजे चेक नव्हे. चेक स्वतःच पैसे द्यायला सांगतो, बिल फक्त मागणी करतं, आणि मागणी किती रास्त आहे ते माल, दर आणि ठरलेल्या अटी यांवरून पाहायचं असतं. बिलावरची अक्षरी रक्कम एवढंच सांगते की बिल लिहिताना एकूण किती होतं. इथे तिचा उपयोग तेवढाच, आणि तो काही कमी नाही: गिरवलेल्या अंकांखाली २०,७९० होते हे तिच्यामुळे पक्कं झालं.

हात कुणाचा

खरा प्रश्न हा. आकडा कोणता बरोबर हे नंतर पाहू, आधी तो बदलायचा अधिकार कुणाला होता?

बिल पुरवठादाराचं आहे. त्यावर आकडा बदलला तर तो पुरवठादारानेच बदलायला हवा, आणि त्याच्या सगळ्या प्रतींवर बदलायला हवा. घेणाऱ्याच्या बाजूच्या कुणी त्यावर काही लिहिलं, तर ती बिलाची दुरुस्ती होत नाही. तो आपला आक्षेप होतो, फक्त चुकीच्या कागदावर लिहिलेला.

कागदावरून काय कळतं ते आधी पाहिलं. शाई वेगळी, पेनाची जात वेगळी. बॉलपेनने कागदावर दाब पडतो, मागून बोट फिरवलं तर उठाव जाणवतो, आणि दिवा बाजूने तिरका धरला तर चर दिसतात. मूळ २०,७९० असे चरांमधूनही वाचता आले. काळ्या जेलचा असा दाब नव्हता. इतपत कुणालाही पाहता येतं. त्याच्या पुढे जाऊन कुठली रेघ आधी आणि कुठली नंतर हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायला जाऊ नये. गडद शाई ही खाली असली तरी वर असल्यासारखी दिसते, आणि या भासाला चांगले चांगले फसतात.

जास्त कामाची ठरली ती बिलाची दुसरी प्रत. पुरवठादार बिल कार्बन लावून लिहितो, मूळ प्रत आणि दुसरी प्रत दोन्ही मालाबरोबर येतात. मूळ प्रत आमच्याकडे आली होती, दुसरी स्टोअरमध्ये डिलिव्हरी चलानला टाचलेली होती. तिच्यावर एकही दुरुस्ती नव्हती. सगळे आकडे मूळचे. म्हणजे प्रती एकमेकींपासून सुटल्यानंतर ही खाडाखोड झाली. पुरवठादाराने बिलबुकातच आकडा बदलला असता तर त्याचा दाब कार्बनमधून खालच्या प्रतीवरही उतरला असता.

चलानवर बरण्या १५०. त्याखाली त्याच काळ्या पेनने: ‘२० नग फुटके, परत.’ त्याच्याखाली गाडीच्या ड्रायव्हरची सही. आणि बाजूला तीच छोटी सही, जी बिलाच्या बेरजेपाशी होती. ती आमच्या स्टोअरच्या काकांची.

काकांना विचारलं तर त्यांचं म्हणणं सरळ होतं. “दीडशे आल्या, वीस फुटलेल्या निघाल्या, त्याच गाडीने परत दिल्या. मग दीडशेचे पैसे कशाला द्यायचे? मी जागच्या जागी बिल नीट करून पाठवलं.” त्यांच्या दृष्टीने त्यांनी कंपनीचं नुकसान वाचवलं होतं, आणि मालाच्या बाबतीत त्यांचं काही चुकलं नव्हतं.

इथे एक गोष्ट उघड झाली, जी बिल हातात धरून कितीही वेळ पाहत बसलं तरी दिसली नसती. दोन्ही आकडे खरे होते. पाठवलेल्या बरण्या १५०, हे खरं. स्वीकारलेल्या १३०, हेही खरं. बिल पाठवलेल्या मालाचं होतं आणि ते निघालं त्या दिवशी बिनचूक होतं. आपण एक आकडा खरा आणि दुसरा खोटा धरून चाललो असतो तर दोन्हींपैकी काहीही निवडून चुकलो असतो.

कमी झालेला आकडाही तपासायचा

खाडाखोडीने रक्कम वाढली की सगळे सावध होतात. एकाचे सात किंवा चार करणं, शून्याचे सहा, आठ, नऊ करणं, तिनाचे आठ करणं, पुढे एक अंक जोडणं, हे सगळ्यांना माहीत असतं. रक्कम कमी झाली की कुणाला शंका येत नाही, कारण आपले पैसे वाचतायत.

पण वीस बरण्या कमी धरल्या, तर त्या वीस बरण्या गेल्या कुठे? त्या फुटक्या नसत्या आणि आवारातून दुसऱ्याच वाटेने बाहेर गेल्या असत्या, तरी बिल असंच दिसलं असतं. पैसे कमी गेले म्हणून आपण समाधानी, पुरवठादाराला महिनाभर पत्ता नाही, आणि माल तिसऱ्याकडे. म्हणून फाटकावरची बाहेर जाणाऱ्या मालाची नोंद पाहिली. त्याच दिवशी, त्याच गाडीच्या नंबरावर, ‘२० बरण्या, फुटक्या, परत’ अशी नोंद होती आणि गेट पासचा क्रमांकही होता. एवढ्यावर आमच्या बाजूचं समाधान झालं.

मग पुरवठादाराच्या लेखा विभागात फोन. “आमच्याकडे वीस हजार सातशे नव्वदच लागलंय,” असं तिथल्या बाईंनी सांगितलं. परत आलेल्या मालाची त्यांच्याकडे नोंद नव्हती. “गोदामात विचारून सांगते.” दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला: बरण्या पोचल्या होत्या, ड्रायव्हरने उतरवल्या होत्या, पण परतीचा कागद कार्यालयात आलाच नव्हता.

खात्यात काय गेलं

आता निर्णय. बिल मूळ रकमेने, म्हणजे २०,७९० ने चढवलं. १९,५५० ने नाही आणि १९,४२६ नेही नाही. हे ऐकून काकांसकट सगळ्यांच्या कपाळावर आठ्या आल्या, म्हणून कारण जरा सविस्तर सांगतो.

पुरवठादाराच्या पुस्तकात या क्रमांकाचं बिल २०,७९० चं आहे. आपण ते दुसऱ्या रकमेने चढवलं तर दोन्ही पुस्तकांत एकाच क्रमांकाची दोन वेगळी बिलं होतात. उद्या त्यांनी थकबाकीच्या पत्रासोबत बिलाची स्वच्छ प्रत पुन्हा पाठवली, तर काय होईल? आमच्यासारख्या बऱ्याच ठिकाणी दुबार बिल पकडायची तपासणी बिलाचा क्रमांक आणि रक्कम या दोन्हींवर चालते. क्रमांक तोच पण रक्कम वेगळी असली, की ती तपासणी एकतर गप्प राहते किंवा कुणीतरी ‘हे वेगळं आहे’ म्हणून तिला ओलांडतं. मूळ रकमेने चढवलेलं बिल दुसऱ्यांदा आलं तर ते जागच्या जागी अडकतं. कराचंही तसंच: विकणाऱ्याने जितका कर दाखवला आणि घेणाऱ्याने जितका मागितला, ते आकडे जिथे समोरासमोर ठेवून पाहतात, तिथे १,८९० आणि १,७६६ यांचा मेळ बसणार नाही.

परत गेलेल्या वीस बरण्यांसाठी वेगळा कागद हवा, आणि तो म्हणजे तेवढी रक्कम आपल्या मागणीतून कमी केल्याचं सांगणारी पुरवठादाराची क्रेडिट नोट. तोवर आपल्या बाजूने परत केलेल्या मालाची डेबिट नोट काढून ठेवायची: २० × ६२ = १,२४०, त्यावर दहा टक्के १२४, एकूण १,३६४. मग २०,७९० वजा १,३६४ म्हणजे १९,४२६. तोच आकडा, पण आता त्याच्याकडे जाणारा प्रत्येक टप्पा कागदावर आहे. साठ्यातही १५० जमा आणि २० परत असंच गेलं. थेट १३० जमा केले असते तर शिल्लक तीच दिसली असती, पण या पुरवठादाराचा माल किती फुटतो हे वर्षाअखेरीस कुणाला सांगता आलं नसतं.

वाहतुकीच्या १,२०० ला हात लावला नाही. गाडी तेवढीच आली, भाडं तेवढंच. फुटक्या मालापुरतं भाडंही कापायचं की नाही हा खरेदीच्या अटींचा प्रश्न आहे, आणि या खरेदीत तशी अट नव्हती.

पैसे द्यायची तारीख येईपर्यंत क्रेडिट नोट आली नव्हती. त्यामुळे सगळं बिल अडवून ठेवायचं कारण नव्हतं, वाद फक्त १,३६४ चा होता. १९,४२६ पाठवले आणि सोबतच्या पत्रात तीन ओळी लिहिल्या: बिल इतक्याचं, परत माल करासह इतक्याचा, क्रेडिट नोट येईपर्यंत इतके राखून ठेवले. ही तीन ओळींची चिठ्ठी नसती तर समोरच्याने पैसे कुठे लावायचे हे स्वतःच ठरवलं असतं, आणि ते नेहमी सगळ्यात जुन्या बिलावर लावतात.

पुढच्या आठवड्यात क्रेडिट नोट आली, १,२४० ची. कर सोडून. ती तशीच घेतली असती तर खातं १९,५५० वर येऊन थांबलं असतं, म्हणजे काकांनी गिरवलेल्या आकड्यावर, आणि तो आकडा बरोबरच होता असं सगळ्यांना वाटलं असतं. ती परत पाठवून करासह १,३६४ ची मागवली.

दुरुस्ती पुरवठादाराचीच असती तर

समजा त्याच कागदावर काळ्या दुरुस्त्या पुरवठादाराच्या माणसाने केल्या असत्या, सही आणि शिक्का त्यांचा असता आणि दुसऱ्या प्रतीवरही त्या असत्या. तर बिल १५० चं राहिलं नसतं, ते १३० चं झालं असतं, आणि मूळ आकड्याला फक्त इतिहास म्हणून किंमत उरली असती. पण या बिलाच्या बाबतीत तेही पुरेसं नव्हतं. कर जुनाच असल्यामुळे दुरुस्त बिल स्वतःशीच भांडतंय, आणि कराची ओळ आपण आपल्या हाताने सुधारून १९,४२६ चढवायचे नाहीत. नवं बिल मागायचं, जुनं रद्द झाल्याचं लेखी घ्यायचं आणि नव्या बिलावर जुन्याचा क्रमांक लिहून घ्यायचा.

दुरुस्ती एकाच ठिकाणी असेल, सही-तारखेसह असेल, खालच्या सगळ्या बेरजा तिच्याशी जुळत असतील आणि माल पावती आणि खरेदी आदेश तिला दुजोरा देत असतील, तर मी नवं बिल मागत बसत नाही. फोन करून त्यांच्या पुस्तकात तोच आकडा आहे याची खात्री करतो, कुणाशी आणि कधी बोललो ते बिलाच्या मागे नव्हे, तर नोंदीच्या शेऱ्यात लिहितो, आणि दुरुस्त रकमेने चढवतो. यातली एकही गोष्ट कमी असेल तर मात्र बिल थांबतं.

मूळ आकडा दिसेनासा केला असेल, म्हणजे पांढरा रंग लावून वर लिहिलं असेल किंवा घासून काढलं असेल, तर तो वेगळा विषय. तिथे तुलना करायला दुसरा आकडाच नाही. मला तरी असं बिल कितीही छोटं असलं तरी घ्यावंसं वाटत नाही. प्रयोगशाळांच्या नोंदींसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांत बदलाची पद्धत सांगितली आहे: मूळ नोंद झाकली जाऊ नये, बदलाचं कारण असावं, तारीख आणि सही असावी. बिलाला तो नियम लागू नाही, पण खोडायचं कसं हे त्याहून थोडक्यात मला सांगता येणार नाही.

स्कॅनिंगबद्दल एक. हे बिल आमच्याकडे आधी काळ्या-पांढऱ्या स्कॅनच्या रूपात आलं होतं. त्यात निळं आणि काळं एकच झालं होतं, आणि नगाच्या रकान्यात नुसता डाग होता. १९,५९० हे वाचन त्याच स्कॅनवरून झालं. रंगीत, ३०० डीपीआयवर पुन्हा स्कॅन केल्यावर दोन हात वेगळे दिसले. आता खाडाखोड असलेलं बिल रंगीतच स्कॅन होतं आणि खातं मिटेपर्यंत मूळ कागद फाइलीत जात नाही.

काकांना बिलावर लिहू नका एवढंच सांगून भागणार नव्हतं, कारण फुटका माल आला की त्यांना कुठेतरी लिहावं तर लागणारच. माल पावतीच्या नमुन्यात ‘आले, घेतले, परत’ असे तीन रकाने होतेच, पण पावती संध्याकाळी भरली जायची आणि बिल सकाळीच वर पाठवलं जायचं. आता पावती गाडी उभी असतानाच भरतात, ड्रायव्हरची सही तिच्यावरच घेतात, आणि बिल तिला टाचून वर येतं.